पोटभरल्याचा पहारा

आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात विंचू उकरून खाणाऱ्या मीरकॅटचं, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या एका छोट्या प्राण्याचं, तोंड जेवताना खड्ड्यात असतं. मागून कोल्हा आला, वरून गरुड झेपावला, तर त्याला कळणार कसं? म्हणून टोळीतला एखादा वारुळावर नाहीतर झुडपाच्या शेंड्यावर चढतो आणि मागच्या पायांवर ताठ उभा राहतो. फोटोत तो इतका करारी दिसतो, की आपण लगेच त्याला हुतात्मा करून टाकतो.

तो तिथे गप्प उभा नसतो. हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत असतो. रात्री काठी आपटत फिरणाऱ्या गुरख्यासारखंच हे. आवाज येतोय तोवर खालचे मान वर न करता निवांत उकरत राहतात. धोका दिसला की हाक बदलते. आकाशातल्या शिकाऱ्यासाठी एक हाक, जमिनीवरच्यासाठी दुसरी. शिवाय धोका किती जवळ आहे तेही त्याच हाकेतून कळतं. शिकारी अगदी जवळ असला तर आवाज जास्त कर्कश होतो.

हुतात्म्याची गोष्ट मात्र प्राणिशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मोडीत काढली. दोन हजारांहून जास्त तास निरीक्षण केलं, पण त्यात एकाही पहारेकऱ्यावर शिकाऱ्याने हल्ला केल्याचं दिसलं नाही. उलट धोका बहुतेकदा त्यालाच आधी दिसतो, बीळही जवळच असतं, आणि सगळ्यांत आधी आत घुसणाऱ्यांत तोही असतो! पाळ्याही ठरलेल्या नसतात. ज्याचं पोट भरलं तो वर चढतो. काहींना उकडलेलं अंडं खाऊ घातलं, तर ते जास्त वेळ पहाऱ्यावर राहिले. टोळीपासून तुटलेला एकटा मीरकॅटही अधूनमधून असाच उभा राहतो. तिथे तो कुणासाठी राखण करतोय?

म्हणजे पहाऱ्याची खरी किंमत एवढीच, की तेवढा वेळ उकरणं बंद. ती भरलेल्या पोटाला परवडते, उपाशी पोटाला नाही.

खरी झीज मला दुसरीकडे दिसते, आणि तिचे फोटो कुणी काढत नाही. पिल्लं बिळात असताना टोळी चरायला जाते, पण एखादा मोठा मीरकॅट त्यांच्याजवळ थांबतो. दिवसभर उपाशी. या मीरकॅटना संशोधक अंड्याच्या तुकड्याचं आमिष दाखवून तराजूवर चढवतात, त्यामुळे हिशोब चोख आहे. चरून आलेल्याचं वजन चोवीस तासांत सुमारे 1.9 टक्क्यांनी वाढतं, पिल्लं सांभाळणाऱ्याचं सुमारे 1.3 टक्क्यांनी घटतं. प्राणीच जेमतेम 700 ग्रॅमचा, त्यातले नऊएक ग्रॅम एका दिवसात गेले. आणि काहीजण हे काम इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अंगावर घेतात, तेही बऱ्याचदा दुसऱ्याच्या पिल्लांसाठी.