उरलेल्या लाडवांची पोळी

दिवाळीला आमच्याकडे म्युनिकमध्ये तीन कुटुंबं राहायला होती आणि प्रत्येकाने फराळ आणला होता. सगळे गेल्यावर डबे उघडले तर बेसनाचे चौदा लाडू, अर्धा डबा मऊ पडलेल्या चकल्या आणि गुलाबजाम संपलेल्या पातेल्यात दोन वाट्या पाक शिल्लक होता. आम्ही दोघंच, त्यामुळे हे सगळं नुसतं खाऊन संपणार नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बव्हेरियन आजी राहतात. शिळ्या पावाचे त्या झेमेलक्न्योडेल करतात. पावाच्या चकत्या गरम दुधात भिजवायच्या, त्यात अंडी, कांदा, पार्सली घालून गोळे वळायचे आणि उकळी फुटू न देता पाण्यात शिजवायचे. सगळे गोळे सोडण्याआधी त्या एकच गोळा पाण्यात सोडून बघतात. तो सुटला तर बाकीच्या मिश्रणात थोडा पावाचा चुरा घालतात. लाडवांची पोळी करायला घेतली तेव्हा ही सवय मी आधीच उचलली असती तर पहिल्या दोन पोळ्या वाचल्या असत्या.

झालं असं, की आठ लाडू कुस्करले आणि पुरणासारखेच कणकेत भरले. पोळी तव्यावर टाकल्यावर तूप वितळलं, मागोमाग साखर वितळली, आणि जिथे पोळी जरा पातळ होती तिथून दोन्ही बाहेर आलं. साखर तव्यावर काळी पडली आणि पुढच्या पोळीलाही जळका वास लागला. दुसरी पोळी काजूच्या तुकड्यांनी फाटली.

मग गुळपोळी आठवली. गुळात आपण भाजलेलं बेसन घालतो ते वितळणारा गूळ धरून ठेवायलाच. इथेही तेच करायचं. लाडवात आधीच भरपूर तूप असतं म्हणून बेसन कोरडंच, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायचं. आठ मध्यम लाडवांना मला चार मोठे चमचे लागले, पण तुपाच्या हातानुसार हे बदलतं. खूण एकच: सारण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण तळव्याला तूप चमकू नये. काजू-बेदाणे वेचून काढायचे. बेसन पूर्ण गार झाल्यावरच मिसळायचं, नाहीतर त्याच्याच उष्णतेने लाडवातलं तूप सुटतं.

कणीक गुळपोळीसारखी घट्ट, तेलाचं मोहन घालून भिजवायची. दोन लहान लाट्यांच्या मध्ये सारणाची चपटी चकती ठेवून कडा नीट दाबायच्या आणि तांदळाच्या पिठीवर लाटायचं. इंडियन दुकानातली कणीक मिळत नसेल तर इथलं टाइप ४०५ चालतं. आपल्या मैद्यासारखंच आहे, फक्त पोळी गार झाल्यावर जरा चिवट लागते. आच मध्यम. आधी एकच पोळी भाजून बघायची. तव्यावर तुपाचं तळं दिसलं तर उरलेल्या सारणात आणखी चमचाभर बेसन घालायचं. वरून तूप सोडायची गरज नाही. आठ लाडवांच्या दहा पोळ्या झाल्या, तीन दिवस छान राहिल्या, आणि मला तर त्या दुसऱ्या दिवशी जास्त आवडल्या.

चकल्यांपैकी अख्ख्या होत्या त्या १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवल्या. ओव्हनमधून काढताना त्या मऊच लागतात, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. तुकड्यांचा चुरा ताकात पंधरा मिनिटं भिजवून थालीपीठ लावलं. तळलेल्या भाजणीला आता चिकटपणा नसतो, म्हणून चुऱ्याइतकंच ज्वारीचं पीठ आणि मूठभर कणीक घालावी लागते. मीठ मात्र चाखूनच.

पाकाच्या शंकरपाळ्या केल्या. पाक आधी फडक्यातून गाळायचा, कारण जामुनाचे कण तेलात जळतात. एक वाटी कोमट पाकाला अर्धी वाटी तूप, चिमूटभर मीठ आणि मावेल तितका मैदा, साधारण तीन वाट्या. साखर अजिबात घालायची नाही. मी आधी एकच शंकरपाळी तेलात सोडली, ती कडेने विरघळायला लागली, मग आणखी पाव वाटी मैदा मळला.

एका डब्यात तळाशी दहा-बारा पेढेही सापडले. तीन दिवस बाहेर राहिलेले, हाताला बुळबुळीत लागणारे. पेढ्यांची पोळी सुंदर होते, पण हे पेढे वासावरूनच कळले की गेलेत. ते ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. ताटात उष्टं राहिलेलंही मी कशात घालत नाही.

दोन पोळ्या खाली आजींना दिल्या. चुरा पावाचा घातला की पिठाचा, हे त्यांनी आधी विचारलं. मी भाजलेल्या बेसनाचा डबाच खाली नेऊन त्यांना वास दिला.