आमची वाटचाल: व्यवसायाचा क्रमांक वेगळा करताना

शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा पावतीवर माझाच खासगी मोबाइल क्रमांक छापला होता. पुढे दोन कारागीर रुजू झाले आणि ग्राहकांचे फोन अवेळीही येऊ लागले, तेव्हा वेगळा क्रमांक घेण्याचे ठरले. दुसरे सिम घ्यावे, की इंटरनेटवरून चालणारा व्हर्च्युअल क्रमांक, एवढाच प्रश्न होता.

दुसरे सिम सोपे असते, परंतु ते एकाच फोनमध्ये बसते. मी कामात असलो तर फोन उचलणारे कोणी नसते. व्हर्च्युअल क्रमांकावर आलेला फोन तिघांच्याही मोबाइलवर वळवता येतो आणि कामाची वेळ संपली की ध्वनिमुद्रित निरोप ऐकवता येतो. म्हणून कल त्याच्याकडे झुकला.

मात्र फोन वळवल्याने खासगी क्रमांक येणाऱ्या फोनपुरताच झाकला जातो. हे आम्ही चाचणीच्या काळात पडताळून पाहिले. वळवलेल्या फोनवर ग्राहकाचा क्रमांक दिसत होता आणि कारागिराने सुटलेल्या फोनच्या यादीतून थेट उलट फोन केला, की समोर त्याचा स्वतःचा क्रमांक उमटत होता. यावर उपाय दोन होते. एक म्हणजे उलट फोन नेहमी सेवेच्या अ‍ॅपमधूनच करायचा. दुसरा असा, की वळवलेल्या फोनवर ग्राहकाऐवजी व्यवसायाचाच क्रमांक दिसेल अशी सेटिंग निवडायची, म्हणजे सवयीने बोट यादीवर पडले तरी फोन आपल्याच क्रमांकाला लागतो. ग्राहक कोण होता, हे अ‍ॅपच्या नोंदीत सापडते. आम्ही दोन्ही केले, कारण नियमापेक्षा सवय बलवान असते.

पडताळणी संकेतांचा प्रश्न निराळा होता. अनेक सेवा व्हर्च्युअल क्रमांकावर ओटीपी पाठवत नाहीत, त्यामुळे बँकेची खाती माझ्या खासगी क्रमांकावरच राहू दिली; तो ग्राहकांना तसाही दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेससाठी एसएमएस न आल्यास फोनवरून संकेत मागवता येतो, परंतु 'अमुकसाठी एक दाबा' असे सांगणारे स्वयंचलित स्वागत चालू असेल, तर तो संकेत त्या यंत्रालाच ऐकवला जातो. नोंदणीपुरते स्वागत बंद ठेवून फोन स्वतः उचलल्यावर काम झाले. हे सगळे जमल्याशिवाय पावत्या छापायला दिल्या नाहीत.

सेवा निवडताना शेवटचा कस लावला तो मालकीचा: क्रमांक कोणाच्या नावावर आहे आणि सेवा सोडताना तो दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का? वर्गणी थकल्यास क्रमांक पुढे दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो आणि मग त्यावर येणारे संकेतही त्यालाच मिळतात. म्हणून नूतनीकरणाची तारीख हिशेबवहीत नोंदवली आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सहा अंकी पिनची द्विस्तरीय पडताळणी चालू ठेवली आहे.