पहिली तार

वेचणीच्या दिवसांत आमच्या वसरीत पाय ठेवायला जागा नसते. कापसाचा ढीग छतापर्यंत चढतो आणि माणसं त्याच्या कडेकडेनं वावरतात. मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी लाईन गेली, मोबाइलची बॅटरी संपली आणि तिच्याबरोबर माझा रियाजाचा तानपुराही गेला. मामा दिवाळीपासून आमच्याकडेच होते. ते काही न बोलता आत गेले आणि खुंटीवरचा तंबोरा गवसणीसकट घेऊन आले.

मोबाइलवर 'काळी एक' दाबली की काम भागतं. इथे अर्धा तास गेला. मामांनी पेटीवरून सा घेतला आणि आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, त्यावर आणल्या. दोन्ही एकाच सुराच्या. त्यांच्यात जरा जरी फरक असला की आवाज वांव-वांव करत हेलकावतो. खुंटी पिळली तसे हेलकावे संथ होत गेले, पण पुरते थांबेनात. शेवटचं काम घोडीखालच्या मण्यांचं. मणी गव्हाच्या दाण्याएवढा सरकला आणि दोन तारांची एकच तार झाली. मग जाड पितळी खर्ज, खालचा सा.

आता जवारी. घोडीचा माथा किंचित उतरता असतो आणि तार त्याला घासत वाजते. तार आणि घोडीच्या मध्ये दोरा असतो, तो नेमक्या जागी बसला तरच आवाज खुलतो. घरात कापूस क्विंटलनं पडलेला, आणि मामांना हवा होता बोटभर सुती दोरा! शेवटी आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ निघालं. दोरा मागेपुढे होत होता तोवर खर्ज ठस्स वाजत होता. एका जागी तो एकाएकी झणझणला आणि आत गंधार ऐकू यायला लागला. गंधाराची तार तंबोऱ्यात नसते. तो खर्जाच्या पोटातून आपोआप येतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. मी शेजारी पेटीचा गंधार दाबून पाहिला, तर पेटीचाच चढा लागला. पेटी बंद केली.

पहिली तार पंचमात होती, नेहमीसारखी. दिवेलागण झालेली, म्हणून मी मारवा धरला. कोमल रे, गंधार, तीव्र मध्यम, धैवत, सगळं जागेवर होतं, तरी गाणं मारव्याचं वाटेना. मारव्यात पंचम नाही. मी तो गात नव्हतो, पण तंबोरा दर फेरीला पहिला सूर तोच देत होता. तीव्र मध्यमावरून धैवताकडे जाताना मधल्या त्या पंचमावर कान टेकायचा. टेकायला जागा मिळाली की मारव्यातली ओढ गेली. दोन-तीन आलापांनंतर मामा म्हणाले, "पूरिया कल्याण गाऊन राह्यला का तू?" बोलणं खरं होतं. खाली मारव्याचे सूर, वर पंचम, म्हणजे पूरिया कल्याणचं अर्धं घर मीच बांधत होतो.

मामांनी पहिली तार पंचमावरून निषादावर चढवायला घेतली. पेटीच्या चार पट्ट्या वर. बारीक तार एवढी ताणायची म्हणजे धोका, म्हणून खुंटी पिळताना त्यांनी तोंड पलीकडे वळवलं होतं. तार टिकली. निषाद जुळला की नाही हे त्यांनी पेटीला न विचारता त्या स्वयंभू गंधारालाच विचारलं, कारण गंधाराला सा मानलं तर निषाद त्याचा पंचम होतो. दोघांचं जमलं की मामांनी मान हलवली.

आता तंबोरा प्रत्येक फेरीला नी म्हणायचा आणि लगेच जोडीवर सा द्यायचा. मी मात्र सा टाळत होतो, रे आणि धैवतावरच थांबत होतो. तंबोरा घरी पोचायचा, मी दारातच उभा. मारवा त्या अंतरातच असतो, असं मला त्या दिवशी वाटलं. पंचम पुरता गेला होता असंही नाही. सा च्या तारांत तो पुसटसा असतोच, त्याला हाकलता येत नाही. पण आता तो पहिल्या पंगतीला बसत नव्हता.

फाटकाशी शेजारचे काका कधीचे उभे होते. पंचम लागलेला असताना त्यांनी "फवारणीचा पंप चालू हाय का जी?" असं विचारून घेतलं होतं. आता ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, हे बंद करा बाप्पा. तिन्हीसांजेला उगाच कोणी गेल्यासारखं वाटून राह्यलं."

मामांनी तार पुन्हा पंचमावर उतरवली आणि गवसणी घातली.