तीन पत्ते आणि मी

नवऱ्याशी धुसफूस झाली की मी टॅरोची गड्डी काढते. भांडी आपटण्यापेक्षा बरं. परवा प्रश्न होता, ‘त्याला माझ्याकडून काय हवंय?’ पत्ते तीनच. पहिला, मी सध्या काय करतेय. दुसरा, त्याला काय हवंय. तिसरा, मी काय सोडायचं.

पहिला आला नाइट ऑफ स्वॉर्ड्स. चित्रकार पामेला कोलमन स्मिथने १९०९च्या गड्डीत हा स्वार असा काढलाय की मागची झाडंसुद्धा वाऱ्याने वाकलीत. माझ्या तोंडून लगेच निघालं, “हा तर तोच! कुणाचं ऐकून घेतो का?”

इथेच सगळे फसतात. पत्त्यात माणूस दिसला की आपण त्याला समोरच्याचा चेहरा चिकटवतो. पण जागा ‘मी काय करतेय’ची होती, म्हणजे घोड्यावर मी होते. मग मी माझी जुनी युक्ती वापरली: पत्त्याचा अर्थ ‘मी’पासून सुरू करून मोठ्याने म्हणायचा. “मी तो दारात बूट काढत असतानाच त्याच्यावर सल्ले घेऊन तुटून पडते.” म्हणताना घसा जरा अडखळला. अडखळला की समजावं, वाचन ठिकाणावर आहे. गुदगुल्या झाल्या तर पुन्हा बघावं.

दुसरा फोर ऑफ स्वॉर्ड्स. थडग्यावर हात जोडून निजलेला शिलेदार, भिंतीवर त्याच्याकडे टोकं करून टांगलेल्या तीन तलवारी, चौथी खाली आडवी. अर्थ विश्रांती. मी म्हटलं, बघा, याने रजा टाकायला हवी! परत तेच. रजा त्याने टाकायची, मग माझ्या वाट्याला काय? ‘मी’ घालून पाहिलं: “तो घरी आल्यावर अर्धा तास मी ऑफिसचा विषय काढणार नाही.” एवढं मला उद्या जमू शकतं.

तिसरा फोर ऑफ पेंटॅकल्स. डोक्यावर एक नाणं, दोन पायांखाली, एक छातीशी कवटाळलेलं. माझ्या कवटाळण्यात पैसे नव्हते, ‘मी सांगितलं होतं ना’ हे वाक्य होतं.

हे पटेना, म्हणून स्पष्टीकरणाला चौथा पत्ता ओढायला हात गेला. आवरला. हवं ते उत्तर मिळेपर्यंत पत्ते ओढायचे तर गड्डीतले अठ्ठ्याहत्तरही पुरत नाहीत. शिवाय त्याच्या मनातलं गड्डीला कुठून कळणार? ती फार तर माझ्या वागण्याकडे बोट दाखवते. बाकीचं त्यालाच विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी चहा ठेवला आणि गप्प बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन कपाळाला हात लावला.

“ताप वगैरे नाही ना गं?”