स्पॉट रेट काढतोय: एक शिळी किंमत कुठे पकडली जाते

नाशिकच्या बाँडवाल्या मंडळींसाठी अपडेट. वायटीएमचा, म्हणजे बाँड मुदतीपर्यंत ठेवल्यास मिळणाऱ्या परताव्याचा कर्व्ह झाला, आता बाँडच्या त्याच किमतींमधून एकेक वर्षाचा स्पॉट रेट, म्हणजे फक्त त्या वर्षी येणाऱ्या रकमेला लागणारा दर सोडवतोय, यालाच बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. वायटीएम बाँडच्या सगळ्या हप्त्यांना एकच दर लावून मोकळा होतो, पण पहिल्या वर्षी येणारं कूपन आणि तिसऱ्या वर्षी येणारी मुद्दल यांचा दर एकच कसा असेल?

पद्धत समजावी म्हणून सोपे आकडे घेतलेत, वर्षाला एकच कूपन, दर्शनी किंमत १००. एक वर्षाचा ६ टक्केवाला बाँड १०० ला, दोन वर्षांचा ७ टक्केवाला १०१ ला आणि तीन वर्षांचा ८ टक्केवाला १०३ ला. d म्हणजे त्या वर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत.

```
d1 = 100/106 = 0.9434
d2 = (101 - 7*d1)/107 = 0.8822
d3 = (103 - 8*(d1+d2))/108 = 0.8185
```

म्हणजे दर वेळी आधीच्या वर्षांची कूपनं आधीच सापडलेल्या d ने गुणून किमतीतून वजा करायची, मग उरतो तो फक्त शेवटचा हप्ता, आणि त्यातून नवा d मिळतो. d2 उलटा करून वर्गमूळ, d3 उलटा करून घनमूळ, की स्पॉट रेट आले: ६.००, ६.४७, ६.९१ टक्के. तीन वर्षांच्या बाँडचा वायटीएम ६.८६ च येतो, कारण त्यात सुरुवातीच्या वर्षांचा कमी दर मिसळलेला असतो.

आता खरी गंमत. समजा दोन वर्षांच्या बाँडमध्ये आज सौदाच झाला नाही आणि ५० पैसे जास्तीची जुनी किंमत शीटमध्ये राहिली, १०१.५०. दुसऱ्या वर्षाचा स्पॉट ६.१९ वर घसरतो, तिसऱ्याचा जेमतेम ६.९२ होतो, म्हणजे नुसता स्पॉटचा ग्राफ बघितला तर कर्व्ह चढतोच आहे, शंका यायचं कारण नाही. पण फॉरवर्ड, म्हणजे फक्त तिसऱ्या वर्षापुरता दर काढा, d2/d3 - 1, तो ७.७९ वरून थेट ८.४० वर जातो आणि त्याच्या आधीच्या वर्षाचा ६.९४ चा ६.३७ होतो. एक खाली, लगेच पुढचा वर, असा हिसका दिसला की मधल्या बाँडची किंमत तपासायची. माझ्या मते स्पॉटच्या शेजारी फॉरवर्डचा कॉलम नसेल तर बूटस्ट्रॅपिंग अर्धवटच.

अजून एक, सरकारी बाँडच्या कोट केलेल्या किमतीत साचलेलं व्याज नसतं, ते मिळवूनच समीकरणात टाकायचं. ८ टक्केवाल्या बाँडचं कूपन तीन महिन्यांपूर्वी गेलं असेल तर चक्क २ रुपयांचा फरक, त्यापुढे वरचे ५० पैसे काहीच नाहीत.

पुढचं काम सहामाहीचं, कारण आपल्याकडचे जी-सेक वर्षातून दोनदा कूपन देतात. तिथे पहिले दोन d १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांवरून घेणार, त्यांना कूपनच नसतं त्यामुळे वजाबाकीची गरज नाही, आणि दीड वर्षापासून बाँड सुरू.