भ की म

दोन दिवस मी नानांविषयी नीट विचार करू शकलो नाही. नानांच्या वहीवरून धाकटीने टंकलेल्या प्रतीत १९५७ सालच्या एका पानावर वाक्य होते: 'माझ्या आजारांत तिनें माझा सगळा मार सोसला.' ते वाचून मी प्रत मिटून ठेवली. माईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तिचे ते कमी बोलणे आठवले, आणि या घरात मला कुणी काहीच सांगत नाही असेही वाटून गेले. आत्याला फोन लावणार होतो. ते राहू दे.

चूक माझीच होती. मूळ वही शेजारी न ठेवता मी नुसती प्रत वाचत होतो. 'रवा आणला' याचे 'खा आणला' झाले होते, ते अडखळल्यामुळे लगेच सापडले. अर्थ लागतो ती चूक मात्र डोळ्यांना टोचत नाही.

आज ओळीखाली फूटपट्टी धरून वहीशी एकेक शब्द ताडून पाहिला. नाना शब्द पूर्ण झाल्यावर एकच लांब शिरोरेघ ओढतात, त्यामुळे भच्या डोक्यावरची मोकळी जागा झाकली जाते आणि अक्षर मसारखे दिसते. म्हणून मी शंका नसलेले शब्द शोधले. 'भाऊबीज' आणि 'भाडें' यांत डावीकडे वर शाईची बारीक घुंडी आहे, 'माई' आणि 'मुंबई' यांत ती नाही. भिंगाखाली पाहिले, तर त्या शब्दावर घुंडी होती. शब्द 'भार' होता.

तरीही मन मानेना, कारण आजारात भार सोसला हे खरे असले तरी वाक्य अपुरे वाटत होते. मग ओळी मोजल्या. वहीच्या पानावर बावीस ओळी होत्या, प्रतीत मजकूर एकवीस ओळींचाच आला होता. वहीत असे आहे:

माझ्या आजारांत तिनें
दागिने मोडून औषधपाणी केलें. सहा महिने तिनें
माझा सगळा भार सोसला.

दोन्ही ओळी 'तिनें' या शब्दावर संपतात. पहिल्या 'तिनें'वरून धाकटीची नजर दुसऱ्या 'तिनें'खाली उतरली आणि मधली ओळ गळाली. उरलेले जोडून वाक्यही सरळ झाले. रात्री नोकरीवरून येऊन तिने हे काम केले आहे, तिला काय बोलणार! १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे अनुस्वारही तिने जपले आहेत.

मला सतत खुपते ते एवढेच, की नानांविषयी ते मी किती चटकन खरे मानले. माईच्या पाटल्या कुठे गेल्या हे मी लहानपणी विचारले होते, तेव्हा ती नुसती हसली होती. उत्तर या वहीत होते, आणि प्रतीतून नेमकी तीच ओळ गेली होती.

ओळ पेन्सिलीने समासात घातली आहे. आता पुढच्या पानांवरचा प्रत्येक 'मार', 'मला', 'मरून' पुन्हा भिंगाखाली पाहणार, आणि ओळींच्या शेवटी तोच शब्द आला की तिथे थांबणार. आत्या रविवारी येणार आहे. ते पान तिला प्रतीतून नाही, वहीतूनच वाचायला देईन.