तडा

रविवारी दुपारी चीजकेक ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवला आणि दहा मिनिटांत त्याच्या मधोमध, उन्हाळ्यात शेतजमीन भेगाळावी तसा, तडा गेला. कृतीत लिहिलेला वेळ मी तंतोतंत पाळला होता, आणि चूक नेमकी तिथेच होती.

चीजकेकला केक म्हणत असले तरी तो अंड्यांवर घट्ट होणारा कस्टर्डच आहे. अंड्यांतली प्रथिने मंद आचेवर हळूहळू एकमेकांत गुंततात. आच वाढली की ती आवळली जातात, पाणी सोडतात आणि आक्रसतात. कडा आधी शिजून फुगते, मधला भाग मागून फुगतो आणि गार होताना सगळे एकदम खाली बसू लागते. तो ताण सोसला नाही की पृष्ठभाग फाटतो. मिश्रण फार फेटून त्यात हवा भरली तर हे फुगणे आणि बसणे आणखी वाढते, म्हणून क्रीम चीज आधी मऊ होऊ द्यावे आणि अंडी शेवटी घालून जेमतेम मिसळावीत.

पुढच्या रविवारी 600 ग्रॅम क्रीम चीज आणि तीन अंड्यांचे मिश्रण भरलेल्या टिनला बाहेरून फॉइलचे दोन थर गुंडाळले, तो खोल ट्रेमध्ये ठेवून अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी ओतले आणि ओव्हन 150 अंशांवर ठेवला. पाणी काही केल्या 100 अंशांपुढे जात नाही, त्यामुळे कडेला मधल्या भागाच्या फार पुढे पळता येत नाही.

तासाभराने टिन हळूच हलवून पाहिला. कड स्थिर होती आणि मधला वाटीएवढा भाग थरथरत होता. मागच्या वेळी कृतीतला वेळ संपेपर्यंत थांबलो, तोवर तो थरथरायचा थांबला होता. गावी आजी खरवस उकडायची, तेव्हा डब्याला बोटाने टिचकी मारून म्हणायची, ‘मधे हललं पाहिजे रे, उरलेलं त्याचं ते होतं.’ खरवसाला फाजील आच लागली की जाळी पडते, आणि जाळी पडलेला खरवस तिला वाढायला लाज वाटे.

ओव्हन बंद केला, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवली आणि तासभर तिकडे फिरकलो नाही. मग टिनच्या कडेने पातळ सुरी फिरवली, कारण गार होताना आक्रसणारा केक कडेला चिकटून राहिला तर मधेच फाटतो. पूर्ण निवल्यावर तो रात्रभर फ्रिजमध्ये राहिला. सकाळी पाहिले तर पृष्ठभाग सायीसारखा सपाट होता.

आजीच्या खरवसाला जाळी पडलेली मी एकदाच पाहिली. त्या दिवशी आजोबा दवाखान्यात होते, आणि आम्ही मुलांनी तो काही न बोलता खाल्ला.